ब्लाउज घट्ट होतोय, एवढंच सांगा

लग्न परवावर आलं की पैठणी कपाटातून काढावी, तिच्यावरचा ब्लाउज अंगात घालून बघावा आणि तो होत नाही असं दिसलं की शिवणकाम येणाऱ्या काकूंना फोन लावावा. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. गडबड होते ती फोन उचलल्यावर. काही उतावळ्या बायका पहिल्याच वाक्यात सांगून मोकळ्या होतात, की ब्लाउज रेशमी आहे, आत सुती अस्तर आहे, चार टक्सचा आहे, छातीत नीट बसतो पण दंडात आवळतो. मग काकू लगेच काय करायचं ते सांगतात आणि फोन ठेवतात. याला काय फोन म्हणायचं? ना चार प्रश्न, ना उत्कंठा, ना 'अगं पण तू हे आधी का नाही सांगितलंस'.

तुम्ही असं करू नका. तुमचं वाक्य एकच: 'काकू, ब्लाउज घट्ट होतोय, घरच्या घरी सैल कसा करायचा?' यापुढे एक अक्षर आपणहून बोलायचं नाही.

काकू विचारतील, 'कुठे घट्ट होतोय?' म्हणायचं, 'सगळीकडेच.' हे म्हणताना चुकूनही आरशासमोर उभं राहू नका, कारण कापडाला गुपित राखता येत नाही. छातीत कमी पडलं तर आडव्या चुण्या हुकांकडे ओढल्या जातात आणि दोन हुकांच्या मधे फट पडते. दंडात कमी पडलं तर बाहीवर वळ्या येतात आणि बाही काढल्यावर दंडावर लाल वळ राहतो. खालचा घेर आवळत असेल तर ब्लाउज वर सरकतो आणि पट्टीच्या वर घडी बसते. म्हणजे चुणी जिथे रोखते, तिथेच दुखणं. पाच मिनिटं ब्लाउज घालून, हात खाली सोडून, मग वर करून पाहिलं तर कुठलीही बाई हे ओळखेल. तेच टाळायचं आहे. या तिन्ही दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि ते वेगळे आहेत हे काकूंना जितकं उशिरा कळेल तितका फोन रंगतो.

नंतर कापडाचा विषय निघेल. 'साधंच आहे हो, साडीतलंच,' एवढं उत्तर पुरे. रेशीम असेल तर सांगू नका, कारण मग काकू तुम्हाला एक कंटाळवाणा प्रयोग करायला लावतील. बगलेच्या खाली, हाताआड लपेल अशा जागी शिवणीचे तीन-चारच टाके उसवायचे आणि सुईची भोकं बुजतात का ते बघायचं. सुती कापडावर नखानं चोळून, किंचित ओलं करून इस्त्री फिरवली की ती बहुतेक बुजतात. रेशमावर बऱ्याचदा राहतात. शिवाय शिवणीच्या आत दडलेलं कापड उन्हा-धुण्यापासून वाचलेलं असतं, त्यामुळे ते बाहेर आलं की गडद पट्टा दिसतो. हे सगळं आधी कळलं तर तुम्ही उसवायच्या आधी दोनदा विचार कराल, आणि विचार करणं हा या कामातला मोठा अडथळा आहे.

'रेशीम की पॉलिस्टर?' असं खोदून विचारलं तर 'सासूबाईंनी दिलीये, म्हणजे प्युअरच असणार' असं सांगा. शिवणीतला एक धागा काढून मेणबत्तीला धरला तर उत्तर लगेच मिळतं: रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते, पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. पण हे करून बघण्यात सासूबाईंची परीक्षा होण्याची शक्यता आहे. त्यापेक्षा कडक तापलेली इस्त्री थेट ठेवा. कळायचं ते तसंही कळेल.

अस्तराबद्दल तर मौनच पाळा. वर्षभरापूर्वी नीट बसणारा ब्लाउज एका धुण्यानंतर घट्ट झाला असेल, वरचं कापड फुगल्यासारखं दिसत असेल आणि आतलं अस्तर ताणलेलं असेल, तर दोष तुमच्या अंगाचा नसून अस्तराचा आहे. सुती अस्तर शिवण्याआधी पाण्यातून काढलं नाही की ते पहिल्या धुण्यात आटतं. एवढं ऐकलं की काकू म्हणतील, 'अगं मग अस्तर सोडव, वरच्याला हातच लावू नकोस.' पण तुम्ही दिवाळीपासून साखर बंद केलेली असते, हे दुःख एका धुण्यावर ढकलून कसं चालेल?

मापाच्या बाबतीत मात्र तुम्हाला बोलायला हरकत नाही, फक्त उपयोगी पडेल असं काही बोलू नका. 'मीडियम' हे उत्तम उत्तर आहे. 'माझ्या बहिणीपेक्षा थोडी जाड' हे त्याहून चांगलं, काकूंनी बहीण पाहिलेली नसेल तर सर्वोत्तम. अगदीच अडवलं तर 'छत्तीस' म्हणा आणि ते अंगाचं माप की ब्लाउजचं, हे सांगू नका. अंग ३६ असेल तर तयार ब्लाउज त्याहून इंचभर तरी मोठा लागतो, नाहीतर श्वास घेता येत नाही. ब्लाउज ३६ असेल आणि अंग ३७, तर गोष्ट निराळी. टेप घेऊन आधी अंग मोजावं, मग हुकं लावून ब्लाउज जमिनीवर सपाट पसरावा, बगलेखाली मोजून दुप्पट करावं आणि दोन आकडे शेजारी लिहावेत, असं काही जुन्या वळणाचे लोक करतात. त्यांच्याकडे वेळ असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एवढ्या तपशिलाअभावी काकू शेवटी कंटाळून सर्वसाधारण उत्तर देतील: 'बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, असेल बघ. आतली टीप उसव, सैल होईल.' हेच वाक्य तुम्हाला हवं होतं. बरोबर आहे म्हणून घातक आहे. समजा तुमचं खरं दुखणं दंडात आहे. बाही इंचभर कमी पडतेय, छाती मात्र छान बसतेय. हे तुम्ही सांगितलेलं नाही. आता गणित बघा. बाहीला शिवण एकच. तीत पाव इंच माया सोडली तर दोन्ही थरांतून पाव-पाव इंच मिळून अर्धा इंच बाही वाढते. छातीच्या घेराला मात्र बाजूच्या शिवणी दोन, म्हणून तिथे तेवढीच पाव इंच सोडली की घेर एक इंच वाढतो. तुम्हाला बाहीत एक इंच हवा, म्हणजे शिवणीवर अर्धा इंच सोडायला हवा. बहुतेक घरगुती ब्लाउजांत बाहीच्या मोहरीपासून, म्हणजे बाहीच्या खालच्या काठापासून, कमरेपर्यंत एकच सलग टीप असते. ती तुम्ही उत्साहानं मोहरीपासून कमरेपर्यंत अर्ध्या इंचानं सरकवलीत, की बाही इंचानं सुटते आणि छाती दोन इंचांनी. आता दंड सुखात आहेत आणि बाकी ब्लाउज दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतोय.

दुखणं आधी सांगितलं असतं तर काकूंनी वेगळंच सांगितलं असतं. आधी बाहीच्या मोहरीची दुमड उसवून काठ मोकळा करायचा, नाहीतर शिवण तिथपर्यंत जातच नाही. मग बाहीत अर्धा इंच बाहेर नवी टीप खडूनं आखायची, बगलेतून खाली येताना ती हळूहळू जुन्या टिपेला आणून दोन-तीन इंचांत मिळवायची, आणि तिथून कमरेपर्यंत जुन्या टिपेला हातही लावायचा नाही. आधी हातानं कच्चे टाके घालून, ब्लाउज घालून, दोन्ही हात वर करून बघायचं, मगच मशीनवर बसायचं. आणि या सगळ्याच्याही आधी शिवण उलटून माया मोजायची: अर्धा इंच सोडून वर किमान पाव इंच उरायला हवा, कारण रेशमाच्या दशा सुटतात आणि काठाशी मारलेली टीप पहिल्या जेवणाच्या पंगतीतच उसवते. माया तेवढी नसेल तर बाहीत त्याच रंगाची पट्टी जोडायची किंवा ती मोहीम सोडून द्यायची. बघा, किती रुक्ष. यात कुठे साहस आहे?

साहस हवं असेल तर मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाकडे वळा. हात वर केला की बगलेत ओढ बसते, म्हणून मुंढा खाली कापून मोठा करायचा, हा मोह अनेकींना होतो. तुम्हीही करा. फक्त हे विचारू नका की हात वर केल्यावर अख्खा ब्लाउजच वर येतो का. तसा येत असेल तर मुंढा आधीच फार खाली आहे, आणि तो आणखी खाली कापला की पुढच्या वेळी हात वर करताना ब्लाउज अधिकच वर येईल. शिवाय मुंढा वाढला की बाहीचा गोल त्याला पुरत नाही, मग बाही ओढून-ताणून बसवावी लागते आणि खांद्याजवळ चुण्या पडतात. उसवलेलं पुन्हा शिवता येतं. कापलेलं नाही. म्हणून कात्री शेवटी घ्यावी, असं काकू सांगतील. तुम्ही ती आधीच घेतलेली असल्यामुळे हे वाक्य तुम्हाला लागू होत नाही.

ब्लाउज कटोरीचा किंवा प्रिन्सेस कटचा असेल तर तेही लपवा. चार टक्सच्या ब्लाउजात छाती कमी पडली तर बाजूच्या शिवणीत थोडी सोय असते. कटोरीच्या जोडात माया सहसा नावालाच असते, आणि बाजू कितीही सोडली तरी कटोरी लहान ती लहानच राहते. काकू बाजू सोडायला सांगतील, तुम्ही सोडाल, चुण्या जिथे होत्या तिथेच राहतील. मग फोन करून म्हणायचं, 'तुम्ही सांगितलं तसंच केलं हो.'

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी सगळं गाठोडं गल्लीच्या टोकाच्या टेलरकडे न्या. एक बाजू उसवलेली, एक बाजू दोनदा शिवलेली, मुंढा कापलेला. त्याला विचारू द्या काय झालं ते, तुम्ही फक्त 'उद्या सकाळी नऊला हवाय' म्हणा. तो सवयीनं गळ्यातला टेप काढून पुढे येईल. त्याला तिथेच थांबवा आणि सांगा, 'माप कशाला घेताय? आधी होता तसाच करा.'