दर दहा सेकंदांनी सेव्ह: फ्लॅशच्या झिजेचा हिशेब

«फ्लॅश मेमरी लाख वेळा लिहिता येते, म्हणून सेटिंग दर दहा सेकंदांनी बिनधास्त सेव्ह करा. सतत सेव्ह केलं की लाइट गेली तरी काही हरवत नाही. बदल झालाय का हे तपासण्यात उगाच कोड वाढतो. शिवाय आजकालच्या चिपमध्ये झीज आपोआप वाटली जाते.»

हा मजकूर माझ्या भाच्याने मला पाठवला तेव्हा त्याने बनवलेला तापमान नियंत्रक सेटिंग विसरायला लागला होता. नियंत्रक चालू असताना सगळं ठीक, आणि बंद करून पुन्हा सुरू केला की मूळची सेटिंग हजर. आठवडाभर तो पॉवर सप्लाय बदलत बसला. म्हणून जरा तडकूनच लिहितोय.

आधी लाखाचं बघू. एटीमेगा३२८पीची डेटाशीट उघडा. पहिल्याच पानावर दोन आकडे आहेत: फ्लॅशसाठी १०,००० आणि ईईप्रॉमसाठी १,००,०००. लाखाचा आकडा ईईप्रॉमचा आहे, तो फ्लॅशला चिकटवला की हिशेब दहा पटींनी चुकतो. भाच्याकडे एसटीएम३२एफ१०३ आहे. त्यात वेगळं ईईप्रॉम नाहीच, सेटिंग प्रोग्रामच्याच फ्लॅशमधल्या एका पानावर जातं आणि उत्पादकाची हमी किमान १०,००० वेळांची. दर दहा सेकंदांनी एकदा म्हणजे १०,००० वेळा व्हायला एक लाख सेकंद. अठ्ठावीस तासही होत नाहीत! त्याचं यंत्र चौदा दिवस टिकलं, म्हणजे ते पान एक लाख वीस हजार वेळा पुसून लिहिलं गेलं होतं. हमीच्या बारा पट टिकलं, हे खरं. 'माझं तर चालतंय' म्हणणाऱ्यांचं एवढंच मान्य करतो. हमी किमान असते आणि बऱ्याच चिप तिच्या पुढे जातात. पण किती पुढे, हे डेटाशीट सांगत नाही.

झीज ओळखणं अवघड नाही. लिहून झाल्यावर लगेच परत वाचायचं आणि जुळतंय का बघायचं. त्याच्याकडे जुळेना. तोच कोड शेजारच्या पानाकडे वळवला, तर लगेच जुळलं. चिप मेलेली नव्हती, एक पान झिजलं होतं. चालू असताना सेटिंग रॅममध्ये असतं, त्यामुळे बिघाड पुढच्या वेळी सुरू करेपर्यंत दिसतच नाही.

आता लाइटचा मुद्दा. सगळ्यात जास्त राग मला याचाच आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागी नवीन किंमत थेट लिहिता येत नाही. आधी पूर्ण पान पुसावं लागतं, सगळे बिट १ होतात, मग लिहायचं. या चिपमध्ये पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. त्या वेळात जुनं सेटिंग गेलेलं असतं आणि नवीन अजून आलेलं नसतं. चाळीस मिलिसेकंद धरले तर दहा सेकंदांतला हा भाग ०.४ टक्के. म्हणजे लाइट कधीही जाऊ शकते असं धरलं, तर दर अडीचशे वेळांतून एकदा ती नेमकी पुसताना जाईल आणि सगळं सेटिंग घेऊन जाईल. दिवसातून तीन वेळाच लिहिलं तर हा धोका जवळजवळ उरतच नाही. जे सेटिंग तासभर बदललेलंच नाही ते पुन्हा लिहून काय वाचवलं? ते आधीच फ्लॅशमध्ये सुखरूप होतं, तुम्ही ते दर दहा सेकंदांनी धोक्यात घातलंत. वर पान पुसलं जात असताना त्याच फ्लॅशमधून चालणारा प्रोग्रामही अडकतो, म्हणून अधूनमधून बटण दाबलेलं कळत नाही.

आणि कोड किती वाढतो म्हणे? एवढा:

```c
void settings_save(const Settings *s) {
    if (memcmp(s, SAVED, sizeof *s) == 0)
        return;
    page_erase(SAVED);
    page_write(SAVED, s, sizeof *s);
}
```

फ्लॅश वाचल्याने अशी झीज होत नाही आणि वाचायला लागतात काही मायक्रोसेकंद. तुलना खुशाल दर दहा सेकंदांनी करा.

मात्र ही ओळ टाकली आणि झालं, असंही नाही. भाच्याने टाकली, तरी लिहिणं दर दहा सेकंदांनी चालूच! कारण त्याने लक्ष्य तापमान, हिस्टेरेसिस आणि सेन्सरची दुरुस्ती यांच्यासोबत 'शेवटचं मोजलेलं तापमान'ही त्याच स्ट्रक्टमध्ये ठेवलं होतं. सेन्सरचा शेवटचा अंक सतत हलतो, म्हणून तुलनेला दर वेळी बदल दिसायचा. माणूस जे ठरवतो तेवढंच सेटिंग. मोजमाप, घड्याळ, किती वेळ चालू आहे याची मोजणी, हे तिथून बाहेर काढा. दुसरी गोची स्ट्रक्टमधल्या रिकाम्या बाइटची. कंपायलर सदस्यांच्या मध्ये जागा सोडतो आणि तिथे काहीही कचरा असू शकतो. memcmp तो कचराही तपासतं. सुरुवातीला स्ट्रक्ट memset ने शून्य करा, आणि खात्रीच हवी असेल तर एकेक सदस्य वेगळा तपासा.

तिसरी गोष्ट नॉबची. लक्ष्य २० वरून ६० वर नेताना चाळीस खरे बदल होतात आणि प्रत्येकावर लिहिलं तर चाळीस वेळा पुसणं. शेवटच्या बदलानंतर पाच सेकंद शांत गेले की मगच लिहायचं. त्या पाच सेकंदांत लाइट गेली तर शेवटचा बदल जाईल. तो माणूस समोरच उभा असतो, पुन्हा फिरवेल.

झीज वाटण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. ईएसपी३२ची एनव्हीएस ही सेटिंग साठवणारी लायब्ररी नोंदी पानांवर पसरवते. पण ईएसपी८२६६वरची आर्डुइनोची ईईप्रॉम लायब्ररी ४,०९६ बाइटचा एकच सेक्टर वापरते आणि काही बदललं असेल तर EEPROM.commit() तो अख्खा पुसून लिहितं. बदल नसेल तर ते काहीच न करता परत येतं. म्हणजे ज्या लायब्ररीच्या भरवशावर तपासणी फालतू म्हणायची, ती स्वतः तेच करते.

एसटीएम३२एफ१०३मध्ये वाटप आपणच लिहायचं. १,०२४ बाइटच्या पानात १६ बाइटच्या ६४ नोंदी बसतात. नवीन नोंद पुढच्या रिकाम्या जागी टाकायची, पान भरलं की दुसऱ्या पानावर पहिली नोंद लिहून, तपासून, मगच जुनं पुसायचं. पुसतानाचा धोकाही त्यातच मिटतो. एका पानाच्या हमीत ६,४०,००० नोंदी होतात. पण दर दहा सेकंदांचा हट्ट ठेवलात तर त्याही चौऱ्याहत्तर दिवसांत संपतात. रोज वीस खरे बदल धरले तर सत्त्याऐंशी वर्षं पुरतात. तासमीटरसारखा आकडा खरोखरच सतत बदलत असेल, तर तिथे तुलना उपयोगाची नाही. तिथे मध्यांतर वाढवा, नाहीतर भरपूर वेळा लिहिता येणारी एफरॅम जोडा.

भाच्याने आता प्रत्येक नोंदीत तिचा क्रमांकही ठेवलाय. काल रात्री वाचला तर चार दिवसांत अकरा.