पहिले अ‍ॅप आणि अर्जासोबतचे पत्र

माझा भाचा रावेर तालुक्यातला. यंदा तो जळगावहून बीसीए झाला आणि पुण्यातल्या एका कंपनीत ज्युनिअर अँड्रॉइड डेव्हलपरच्या जागेसाठी अर्ज करायचा म्हणून त्याने कव्हर लेटरचा मसुदा मला वाचायला पाठवला. नव्या मुलांचे असे अर्ज वाचणे हा गेली काही वर्षे माझ्या नोकरीचाच भाग असल्यामुळे मी तो मामा म्हणून न वाचता अर्ज वाचणारा म्हणून वाचला. त्यात लिहिले होते की, त्याने कोटलिनमध्ये एक अ‍ॅप तयार केले आहे, ते प्ले स्टोअरवर प्रकाशित झाले आहे आणि तो मेहनती असून लवकर शिकतो. खाली लिंक होती.

हे अ‍ॅप मी पाहिलेले आहे आणि ते खरोखर कामाचे आहे. केळीच्या बागेतून माल कापून गाडीत भरला की त्या गाडीचे वजन, दांड्यासाठी धरलेली घट, त्या दिवसाचा क्विंटलचा भाव आणि व्यापाऱ्याकडून आलेली व राहिलेली रक्कम, एवढी नोंद ते ठेवते. माझे दाजी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर लिहीत आणि हंगामाच्या शेवटी दोन गाड्यांचा मेळ कधीच बसत नसे. त्यातून हे अ‍ॅप जन्माला आले. पत्रात मात्र यातले एक अक्षरही नव्हते.

‘प्रकाशित केले’ हा शब्द पुरावा म्हणून फार थोडे सांगतो, असे माझे मत आहे. पंचवीस डॉलर एकदा भरले की प्ले कन्सोलवर खाते उघडता येते. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते, आणि सध्याच्या नियमानुसार किमान १२ माणसे सलग १४ दिवस त्या चाचणीत नोंदलेली असावी लागतात. त्यानंतर अर्ज करताना गूगल काही प्रश्न विचारते: माणसे कशी मिळवली, त्यांनी काय सांगितले आणि त्यावरून तुम्ही काय बदलले. भाच्याने ही उत्तरे लिहिलेली होती. मी ती मागवून घेतली आणि वाचली, तेव्हा लक्षात आले की जे पत्र आम्ही शोधत होतो ते त्याने तीन महिन्यांपूर्वीच लिहून ठेवले होते.

त्या उत्तरांत एका बिघाडाची हकिकत आहे. चाचणीतली बरीच माणसे गावातलीच होती, चुलते, शेजारी, केळीचे बागायतदार. चौथ्या दिवशी दोन काकांनी कळवले की नोंद जतन होते, पण तीच नोंद दुरुस्त करायला उघडली की अ‍ॅप बंद पडते. भाच्याच्या फोनवर तसे होत नव्हते. त्याने अ‍ॅप पुन्हा टाकून पाहिले, दुसऱ्या मित्राच्या फोनवर पाहिले, सगळीकडे नीट चालले. शेवटी त्याने एका काकांना नोंदींच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगितला. त्याच्या फोनवर जिथे 42.75 दिसत होते, तिथे काकांच्या फोनवर ४२.७५ दिसत होते. दोन्ही काकांच्या फोनची भाषा मराठी होती आणि त्याची व मित्राची इंग्रजी.

चूक या दोन ओळींत होती, पहिली नोंद जतन करताना चालणारी आणि दुसरी तीच नोंद पुन्हा उघडताना:

```kotlin
val s = String.format("%.2f", wajan)
val w = s.toDouble()
```

पहिली ओळ फोनच्या भाषेप्रमाणे आकडे लिहिते, म्हणून मराठी फोनवर ती देवनागरी आकडे देते आणि तेच डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून साठवले जात होते. दुसऱ्या ओळीला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत, त्यामुळे ती `NumberFormatException` देऊन थांबते. आधी त्याने `Locale.ROOT` घालून तात्पुरता इलाज केला. मग त्याने मुळाशी जाऊन वजन मजकूर म्हणून न साठवता पूर्ण किलोंत, म्हणजे ४२.७५ क्विंटलऐवजी ४२७५ असा पूर्णांक म्हणून साठवायला सुरुवात केली आणि क्विंटल व देवनागरी आकडे फक्त दाखवण्यापुरते ठेवले. काकांच्या फोनवर आधीच झालेल्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून जुना मजकूर नव्या रूपात आणणारे मायग्रेशनही त्याने लिहिले. डेटाबेस रिकामा करून नव्याने सुरू करणे त्याला सहज शक्य होते, पण त्या नोंदींत खऱ्या गाड्यांचे खरे पैसे होते.

अर्ज वाचणाऱ्याला यातून जे कळते ते गुणपत्रकातून कळत नाही. हा मुलगा आपल्या फोनवर न दिसणाऱ्या बिघाडावर विश्वास ठेवतो, दोन फोनांतला फरक शोधतो, कारण सापडल्यावर ठिगळावर थांबत नाही आणि वापरणाऱ्याची माहिती जपतो. यातला एकही गुण पत्रात नाव घेऊन सांगावा लागत नाही.

म्हणून आम्ही पत्र नव्याने लिहिले, आणि ते एका पानापेक्षा बरेच लहान आहे. पहिल्या वाक्यात जागेचे नाव, दुसऱ्यात अ‍ॅप कोणासाठी आहे आणि काय करते. मग मधला मोठा परिच्छेद वरच्या बिघाडाचा, पाच वाक्यांत, कारण आणि दुरुस्तीसह. भाच्याला तिथे वापरलेल्या सगळ्या लायब्ररींची नावे द्यायची होती. ती बायोडेटात आहेत, पत्रात पुन्हा नकोत. डाउनलोडच्या आकड्याविषयीही आमचा थोडा वाद झाला. ‘शेकडो शेतकरी वापरतात’ असे त्याने लिहिले होते, तर स्टोअरच्या पानावर ५०+ दिसते आणि वाचणारा ते पान उघडणारच. ते वाक्य काढून आम्ही ‘चाचणीतल्या बारा जणांपैकी सात जण अजून दर गाडीची नोंद करतात’ असे लिहिले, कारण ते त्याने प्रत्येकाला फोन करून विचारलेले आहे.

त्यानंतरच्या वाक्यात अ‍ॅपची उणीव आहे. नोंदी एकाच फोनवर राहतात, त्यामुळे एका बागेचे दोन भाऊ आपापल्या फोनवर एकच हिशेब पाहू शकत नाहीत, आणि त्यासाठी सर्व्हर लागेल हे त्याला माहीत आहे. हे लिहायला तो कचरत होता. मी आग्रह धरला, कारण मुलाखतीत हा प्रश्न येणारच आणि आपण आधी सांगितलेल्या उणिवेवर बोलणे सोपे जाते.

गिटहबची लिंक देण्यापूर्वी रिपॉझिटरीत साइनिंगची कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड राहून गेलेला नाही ना, हे जुन्या कमिटांसह पाहायला सांगितले. नव्या कमिटमध्ये फाइल काढली तरी ती इतिहासात राहते.

आणि एक गोष्ट मी स्वतः करून पाहिली. त्याच्या मसुद्यातली लिंक मी माझ्या फोनवर उघडली, तेव्हा अ‍ॅप उपलब्ध नाही असे दिसले. त्याने बंद चाचणीत सामील होण्याची जुनी लिंक दिली होती, जी फक्त त्या यादीतल्या खात्यांना चालते. त्याच्या फोनवर ती अर्थातच उघडत होती. आता पत्रात स्टोअरच्या सार्वजनिक पानाची लिंक आहे. अर्ज पाठवण्याआधी ती गूगलमध्ये साइन-इन न केलेल्या ब्राउझरमध्ये उघडून पाहायला मी त्याला सांगितले आहे, आणि दाजींच्या मराठी फोनवरही.