बेरीज 83, खाली 61: आमचं उत्तर

"महिन्याच्या ऑर्डरी कॅटेगरीनुसार मोजून द्या सांगितलं होतं. ऑक्टोबरला चटणी 34, लोणचं 22, फराळ 27. बेरीज 83 होते, यांनी खाली 61 लिहिलंय. 600 रुपये घेऊन साधी बेरीज येत नाही. वर एक दिवस उशीर. एक्सेलची फाईल न देता नुसता कागद हातात दिला." (एक तारा)

ताई, नमस्कार. एक दिवस उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दिवाळीच्या तोंडावर लाईटनं दोन दिवस छळलं होतं, पण ते तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. चूक माझी.

बेरजेचं मात्र ऐकून घ्या. लातुरात अकरा वर्षं हिशोबाची कामं करतोय, बेरीज चुकली हे वाचून रात्री झोप लागली नाही.

तुमच्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक ऑर्डर नाही, एक ओळ म्हणजे एक वस्तू आहे. ऑर्डर नंबर 1047 बघा: शेंगदाणा चटणी, जवस चटणी आणि आंब्याचं लोणचं. ओळी तीन, गिऱ्हाईक एक, ऑर्डर एक. पिव्होट टेबलात Rows मध्ये कॅटेगरी, Columns मध्ये महिना आणि Values मध्ये ऑर्डर नंबर ओढून Count निवडला की एक्सेल ओळी मोजतं. या एका ऑर्डरीच्या चटणीत 2, लोणच्यात 1 आणि तळाला 3 पडतात. असं केलं असतं तर ऑक्टोबरच्या तुमच्या 96 ऑर्डरी झाल्या असत्या आणि बेरीज अगदी तंतोतंत जुळली असती. तुम्ही खूश झाला असता, आकडा मात्र खोटा असता.

म्हणून टेबल घालतानाच Add this data to the Data Model वर टिक केली आणि Value Field Settings मध्ये सगळ्यात खालचं Distinct Count निवडलं. ती टिक आधी केली नाही तर हा पर्याय यादीत दिसतच नाही. आता 1047 चटणीत एकदा, लोणच्यात एकदा आणि तळाच्या एकूणमध्येही एकदाच मोजली जाते. ऑक्टोबरमध्ये 43 ऑर्डरींत एकाच प्रकारचा माल होता, 14 मध्ये दोन प्रकारचा, 4 मध्ये तिन्ही. 43 अधिक 28 अधिक 12, हे तुमचे 83. आणि 43, 14, 4 मिळून ऑर्डरी 61. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. कॅल्क्युलेटर उघडायच्या आधी एक फोन केला असता तर हे दोन मिनिटांत सांगितलं असतं.

कागदाचं म्हणाल, तर तुमच्या दुकानातलं एक्सेल 2010 आहे. Distinct Count 2013 पासून आलं. फाईल दिली असती तर तुमच्याकडं ते टेबल हलवता आलं नसतं. तरी फाईल मागितली असती तर नाही म्हटलं नसतं. तुमच्या जुन्या एक्सेलवर स्वतः करायचं असेल तर A मध्ये ऑर्डर नंबर आणि C मध्ये कॅटेगरी धरून शेजारच्या रिकाम्या रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून, हे घाला आणि खालपर्यंत ओढा:

```
=IF(COUNTIFS(A$2:A2,A2,C$2:C2,C2)=1,1,0)
```

एका ऑर्डरीतली तीच कॅटेगरी दुसऱ्यांदा आली की 0 पडतो. पिव्होटात या रकान्याचा Sum घ्या, Count नको, नाहीतर शून्यंही मोजली जातील. कॅटेगरीचे आकडे बरोबर 34, 22, 27 येतील. तळाला मात्र 83च येईल. ती ऑर्डरींची संख्या नाही.

आणि हे बिलात लावलं नव्हतं, पण आता सांगतो. तुमच्या शीटमध्ये कुठं "लोणचं", कुठं "लोणचे" होतं, आणि काही ठिकाणी "चटणी"च्या पुढं एक रिकामी जागा. पिव्होटला ती वेगवेगळी नावं वाटतात, चटणीच्या दोन ओळी आल्या असत्या. बसून एकेक दुरुस्त केलं.

600 रुपयांतले परत मागितलेत तर देईन, वाद नाही. यापुढं रिपोर्टखाली "ओळी किती, ऑर्डरी किती" हे लिहीत जाईन, उशीर होणार असेल तर कळवीनही. तुमचं ऑर्डरीचं रजिस्टर घेऊन या, ऑक्टोबरच्या कोणत्याही दहा ऑर्डरी तुम्हीच निवडा, तुमच्यासमोर मोजतो.