‘हातचलाखी’ म्हणणाऱ्या वाचकांना

“लेख वाचला. सॅम्युअल हार्सनेटची पुस्तिका आणि ‘किंग लिअर’ शेजारी ठेवून तुम्ही जे सांगता, ते त्या काळातले कोणतेही दोन कागद शेजारी ठेवून सांगता येईल. याला समीक्षा नाही, हातचलाखी म्हणतात. सुरुवातीचा किस्सा उगाच लांबवला आहे. शेक्सपिअरच्या भाषेबद्दल एक शब्द नाही. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. – एक जुना वाचक”

नमस्कार.

जुने वाचक आहात, म्हणून सविस्तर लिहितो. किस्सा लांबला आहे, मान्य. डेनमच्या त्या घराचं वर्णन दोन परिच्छेदांत आटपलं असतं. पण ‘हातचलाखी’? हा शब्द माणूस समोर बसलेला असताना तुम्ही वापरला असता का? मतभेद असावेत, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण मी वाचकांना फसवतोय असं सुचवून शेवटी ‘अपेक्षा नव्हती’ म्हणायचं, हा मास्तरी सूर मी स्टाफरूममध्ये पुरेसा ऐकला आहे. आमच्या एका वरिष्ठांनी माझ्या प्रबंधाच्या प्रकरणावर ‘मग वर्तमानपत्राची रद्दीही चालेल?’ असा शेरा मारला होता. तेव्हा गप्प बसलो. आता बसायचं कारण नाही.

आधी एक गोष्ट. तुमचा आक्षेप नवा नाही. वॉल्टर कोहेन या समीक्षकाने १९८७ मध्येच नवइतिहासवाद्यांवर, म्हणजे साहित्यकृती तिच्या काळातल्या इतर कागदपत्रांशेजारी ठेवून वाचणाऱ्यांवर, ते कशाचाही संबंध कशाशीही जोडतात, असा ठपका ठेवला होता. त्याने तो नीट मांडला होता. तेव्हा ‘कोणतेही दोन कागद’ या तुमच्या एका वाक्याला उत्तर देतो.

हार्सनेट हा लंडनचे बिशप बॅनक्रॉफ्ट यांचा चॅप्लेन. त्याची पुस्तिका १६०३ ची. १५८५-८६ मध्ये डेनम आणि आसपासच्या कॅथलिक घरांत विल्यम वेस्टन या जेझुइट पाद्र्याने आणि त्याच्या साथीदारांनी काही जणांच्या अंगातले सैतान उतरवले. हे सगळं ढोंग होतं हे दाखवण्यासाठी पुस्तिका लिहिली गेली. आता ‘लिअर’मधला एडगर, ग्लॉस्टरच्या अर्लचा मुलगा, आठवा. वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेऊन तो स्मल्किन, मोडो, माहू, फ्लिबर्टिजिबेट अशी सैतानांची नावं घेत फिरतो. ही नावं या पुस्तिकेतून आली आहेत. कागद नाटककाराच्या हातात होता, एवढं यावरून ठरतं. हे शेक्सपिअरचा संपादक थिओबाल्डने १७३३ मध्येच ओळखलं होतं, त्यासाठी कुणा नवइतिहासवाद्याची गरज नव्हती. पण नावं कुठून घेतली हे सांगून थांबलो, तर ती झाली उगमाची टीप. निबंध त्यापुढे सुरू होतो.

नवइतिहासवादाचे अग्रणी स्टीफन ग्रीनब्लॅट यांनी विचारलेला प्रश्न वेगळा आहे: ही पुस्तिका स्वतः काय करत होती? हार्सनेट पाद्र्यांना वारंवार नट म्हणतो, त्यांच्या विधीला खेळ म्हणतो, जमलेल्या भक्तांना प्रेक्षक. त्याच्या हातातलं हत्यारच रंगभूमी आहे. आणि त्यामागे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचं धोरण आहे. भुतं उतरवण्याचा मान ना कॅथलिक जेझुइटांना मिळावा ना कडव्या प्रोटेस्टंट प्युरिटनांना; डॅरेल या प्युरिटन उपदेशकावर त्याने १५९९ मध्येच असंच पुस्तक लिहिलं होतं. १६०४ च्या चर्चच्या नियमावलीतल्या ७२ व्या नियमाने तर बिशपच्या परवान्याशिवाय उपासप्रार्थना करून सैतान काढायला धर्मगुरूंना बंदीच केली. म्हणजे ज्या विधीला ‘हे नाटक आहे’ म्हणून चर्च बाहेर काढतं, तो विधी लगेचच खऱ्या नाटकवाल्यांच्या हाती पडतो. ते त्याचं काय करतात?

डोव्हरचा प्रवेश घ्या. एडगरचा आंधळा बाप ग्लॉस्टर कड्यावरून उडी मारतोय असं समजून सपाट जमिनीवर पालथा पडतो. एडगर आवाज बदलून येतो आणि सांगतो, वर तुमच्याजवळ उभा होता तो माणूस नव्हता, सैतान होता. देवांनी तुम्हाला वाचवलं. इथे पुस्तिकेतलं एकही नाव नाही, म्हणून उगम शोधणारा इथे थांबत नाही. पण प्रसंग तोच आहे: खोटा सैतान, खोटी सुटका, रचलेला चमत्कार. फरक एवढाच की हार्सनेटकडे ही फसवणूक पाद्री करतात, लोकांना आपल्या पंथात ओढायला. इथे ती मुलगा करतो, बापाला जगवायला. म्हणजे हार्सनेटचा आरोप नाटक मान्य करतं, आणि तरीही त्याचा निकाल उलटवतं. पुस्तिका शेजारी नसेल तर हा प्रवेश म्हणजे एका मुलाची युक्ती, एवढंच दिसतं.

आता तुमचे ‘कोणतेही दोन कागद’ तपासू. १६०३ मध्येच लंडनमध्ये प्लेग होता आणि नाट्यगृहं बंद होती. प्लेगच्या मृतांची यादी घ्या, ‘लिअर’शेजारी ठेवा. मृत्यू, भय, ढासळती व्यवस्था यांवर चार पानं सहज होतील, पण ती ‘हॅम्लेट’लाही लागू पडतील. एडगरच्या सोंगाचं किंवा डोव्हरच्या त्या उडीचं त्यातून काहीच उलगडणार नाही. कागद बदलूनही निबंध जसाच्या तसा उभा राहिला, तर जोडी चुकली. ही कसोटी मी वर्गात एम.ए.च्या मुलांना देत आलो आहे. माझ्या लेखाला तुम्ही ती लावली नाहीत. शेरा मात्र लावलात.

आणखी एक. दस्तऐवज नाटकाला निमूट साथ देत असेल, तर तो पार्श्वभूमी म्हणून टांगलाय असं समजावं. हार्सनेटच्या पुस्तिकेला साक्षी जोडल्या आहेत, त्यांत सारा विल्यम्स ही मोलकरीण आहे. तिला खुर्चीत बांधलं जाई, शेरी, तेल आणि सताप यांचं मिश्रण पाजलं जाई, नाकाखाली गंधक जाळलं जाई. साक्षीत हे सगळं सांगितलं आहे, आणि पाद्र्यांना काय ऐकायचं असे तेही. नाटकात यातलं काय उरलं? पछाडलेला माणूस झाला अर्लचा मुलगा. बायकांचा समजला जाणारा, गर्भाशयातून वर चढणारा गुदमरा लिअर राजाच्या छातीत आला. तोही पुस्तिकेत रिचर्ड मेनी या तरुणाच्या नावावर आहे. सारा कुठेच नाही. हे मला नाटकाच्या बाजूने बोलताना अडचणीचं ठरतं, आणि म्हणूनच लेखात घेतलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत का, कोण जाणे.

या पद्धतीला मर्यादा आहे, तीही ऐका. लंडनमध्ये हार्सनेट वाचलेल्या प्रेक्षकाला एडगर कसा दिसला असेल, त्यावरून सगळीकडचा अर्थ ठरत नाही. २६ डिसेंबर १६०६ ला ‘लिअर’ व्हाइटहॉलला राजासमोर झालं. पुढे १६०९-१० च्या नाताळात ते यॉर्कशायरच्या एका फिरत्या मंडळीने गॉथवेट हॉलमध्ये केलं, आणि ती मंडळी कॅथलिक होती. ज्यांच्या विधीची टर उडवली गेली त्यांनीच हे नाटक निवडलं. त्यांना एडगरमध्ये काय दिसलं असेल, हे पुस्तिका सांगू शकत नाही.

शेक्सपिअरच्या भाषेबद्दल एक शब्द नाही म्हणता. तो लेखाचा विषय नव्हता. प्रत्येक लेखात सगळं हवं असेल तर विश्वकोश घ्या.

‘हातचलाखी’ मागे घेतली नाहीत तरी चालेल. पण प्लेगची यादी, नाहीतर १६०३ चा तुमच्या पसंतीचा कोणताही कागद घ्या, आणि डोव्हरचा तेवढा प्रवेश उलगडून दाखवा. जमलं तर ती प्रतिक्रिया मी माझ्या लेखाच्या वर लावीन, तुमच्या टोपणनावासकट.