त्या निळ्या दिव्याच्या डब्याबद्दल

आज दादरला आयब्रो करायला गेले होते. शेजारच्या खुर्चीत एक आजी पाय टबात सोडून बसल्या होत्या, बहुधा सुनेनं आणलं असावं. पार्लरमधल्या मुलीनं आधीच्या बाईचे पाय संपवले, तीच स्टीलची टोकदार पट्टी नॅपकिनला पुसली, निळ्या दिव्याच्या डब्यात ठेवली, पाणी बदललं आणि डबा उघडून तीच पट्टी आजींच्या अंगठ्याला लावली. मध्ये किती वेळ गेला? पाणी भरायला लागला तेवढा. मी विचारलं तर काउंटरवरच्या मालकीणबाई हसून म्हणाल्या, "मॅडम, यूव्ही स्टरलायझर आहे, सगळे जंतू मरतात."

नाही मरत! घरी येऊन दोन तास झालेत तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहितेय.

त्या डब्यातला प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच काय ते काम करतो. सांध्यात, दात्यांमध्ये, खालच्या बाजूला, एकावर एक टाकलेल्या हत्यारांच्या सावलीत तो पोचतच नाही. वर कातडीचा भुगा किंवा रक्ताचा सुकलेला ठिपका असेल तर त्याखालीही नाही. आधीच स्वच्छ केलेली हत्यारं झाकून ठेवायला तो डबा ठीक आहे, बस. खरं काम त्याच्याआधी व्हायला हवं. साबण आणि ब्रशनं घासून मळ काढायचा, धुवायचं, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवून बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवायचं. सगळ्यात उत्तम म्हणजे ऑटोक्लेव्ह, दाबाखालची वाफ, 121 अंशांवर निदान पंधरा मिनिटं. वाडग्यातल्या दुधट डेटॉलच्या पाण्यात बुडवून काढणं म्हणजे देवाला पाणी दाखवणं. आणि घासायचा दगड आणि लाकडी फाइल? त्यांना बारीक छिद्रं असतात, त्यात अडकलेलं काहीही नीट निघत नाही. त्या एका माणसाला वापरायच्या आणि टाकायच्या. तुमच्या पार्लरमध्ये टाकलेल्या पाहिल्यात कधी?

माझ्या मावशीचं तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

मावशीला बरीच वर्षं डायबेटिस. मामेबहिणीच्या लग्नाआधी सगळ्यांनी मिळून पार्लरमध्ये पॅकेज घेतलं. मावशीच्या उजव्या अंगठ्याचं नख कोपऱ्यात जरा वळलेलं होतं. मुलगी म्हणाली, "आंटी, कोपरा आत गेलाय, काढून देते." आणि तिनं टोकदार हत्यार आत घालून कोपरा तिरका छाटला. थोडं रक्त आलं, कापसानं दाबलं, वर मरून नेलपॉलिश. मावशीला फारसं दुखलंच नाही, आणि ह्याचं त्या दिवशी सगळ्यांना कौतुक वाटलं. डायबेटिसमध्ये पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून दुखलं नाही. ज्या माणसाला दुखत नाही त्याच्या पायाला सगळ्यात जास्त जपायचं असतं.

लग्न झालं. अंगठा सुजला, लाल झाला, नखुरडं झालंय म्हणून हळद लावली. मग सूज पावलावर चढली, ताप आला, साखर तीनशेच्या वर. ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. सर्जननं अंगठा बधिर करून नखाचा कडेचा भाग काढला, तेव्हा आत पू होता आणि नखाचा एक बारीक काटा मासात रुतलेला होता. तिरका कोपरा छाटताना हत्यार शेवटपर्यंत पोचत नाही. खाली एक अणकुचीदार टोक उरतं, वर कातडी मिटते, म्हणून कुणाला दिसत नाही. नख वाढतं तसं ते टोक पुढे सरकत मासात घुसतं. म्हणजे "आत गेलेलं नख काढून देते" म्हणत आत जाणारं नख तयार केलं जातं.

सगळीच पार्लरं अशी नसतात, हे मान्य. काही ठिकाणी ऑटोक्लेव्हमधून काढलेलं पाकीट समोर फोडतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण तिथले दर बघा आणि मग सांगा आपल्यातले किती जण तिथे जातात.

आणि त्या मुलीवर मला राग नाही. लिहिता लिहिता तेच जाणवतंय. नालासोपाऱ्याहून नाहीतर बदलापूरहून येते, दिवसभर पाटावर वाकून अनोळखी माणसांचे पाय हातात घेते, हातात ग्लव्हज नाहीत. हेपटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात, हत्यारावर, आठवडाभर टिकू शकतो. म्हणजे ती पट्टी ग्राहकाइतकीच तिलाही धोक्याची. तिला कुणी शिकवलंय? मालकीणबाईंना निळा दिवा विकणाऱ्यानं जे सांगितलं तेच तिला सांगितलं गेलं. राग त्या मालकीणबाईंच्या हसण्याचा आहे.

मावशीच्या प्रकरणानंतर त्वचेच्या डॉक्टरांशी बरंच बोलले. त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय: जंतू सगळीकडे असतात, त्यांना आत जायला जखम लागते आणि पेडिक्युरमध्ये ती जखम आपण पैसे देऊन करून घेतो. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते, जिला पार्लरमध्ये क्युटिकल म्हणत कापून "क्लीन" करतात, ती फ्रीजच्या दाराच्या रबरासारखी आहे. ती शाबूत तर नख आणि कातडीमधली फट बंद. ती कापली की फट उघडी. टाचेवर ब्लेड फिरवलं, थोडं खोल गेलं, की आणखी एक जखम.

अगदी वॅक्सिंग आणि शेव्हिंगसुद्धा. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलोनमध्ये पाय बुडवायच्या टबातून शंभरावर ग्राहकांच्या पायांवर, गुडघ्याखाली, गळवं झाली होती. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा, पाण्यात राहणारा जंतू. टबात पाणी फिरवणारे पंप होते आणि पाणी आत ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचलेला. वरून टब चकचकीत, आत हे. पेडिक्युरच्या आधी ज्यांनी पायांचे केस वस्तऱ्यानं काढले होते त्यांना धोका जास्त दिसला, कारण वस्तऱ्यानं डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. ती गळवं लगेच आली नाहीत, काही आठवड्यांनी आली आणि बरी व्हायला महिने लागले. म्हणून कुणी म्हणालं ना, "मी तर नेहमी जाते, मला काही झालं नाही," तर आधी विचारा की महिन्याभरानं आलेल्या फोडाचा संबंध पार्लरशी जोडला असता का.

आता आपली मुंबई. जुलैमध्ये हिंदमाताला पाणी भरतं. काल पेडिक्युर, आज घोटाभर पाण्यातून चालत स्टेशन. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि लेप्टोचा जंतू कापलेल्या, खरचटलेल्या कातडीतून आत जातो. महापालिका दर पावसाळ्यात सांगते, जखम असेल आणि पाण्यातून चाललात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून डॉक्सिसायक्लिन घ्या. आपण म्हणतो, जखम कुठे आहे? ताज्या कापलेल्या क्युटिकलची आणि घासून सोललेल्या टाचेची जखम आपण मोजतच नाही. मावशीनं तरी कुठे मोजली होती.

मग करायचं काय? घरी करा. आमच्याकडे आता सगळ्यांचं असंच चालतं. अंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा नेलकटरनं सरळ आडवं कापायचं, बोटाच्या गोलाईप्रमाणे नाही, कोपऱ्यात तर अजिबात नाही. टोकाला पांढरी कड थोडी ठेवायची. कोपरा टोचत असेल तर फाइलनं जरासा घासून बोथट करायचा. क्युटिकलला हात लावायचा नाही, फार तर तेलाचा थेंब चोळायचा. टाचेला वजरी, पण ओल्या पायावर, हलक्या हातानं, गुलाबी होईपर्यंत नाही. रात्री युरियाचं क्रीम लावून मोजे, किंवा आजीसारखं कोकमतेल. मात्र बोटांच्या बेचक्यात क्रीम नको, तिथे कोरडंच हवं, नाहीतर चिखल्या. डायबेटिस असेल तर पाय भिजत ठेवायचे नाहीत, वजरीही डॉक्टरांना विचारूनच, आणि रोज आरसा धरून तळवा बघायचा. मावशीचे पाय आता मावसा बघतात, नखं तेच कापतात.

नेलकटर प्रत्येकाचा वेगळा. हो, घरातसुद्धा! एकाच नेलकटरनं सगळं घर नखं कापतं आणि बाबांच्या जाड पिवळ्या नखातली बुरशी मुलांकडे येऊ शकते. वापरून झाला की साबण आणि जुन्या टूथब्रशनं घासून, कोरडा करून सत्तर टक्के स्पिरिटनं पुसायचा. जाड, पिवळं, भुगा पडणारं नख दिसलं तर नेलपॉलिशखाली लपवू नका. डॉक्टर त्याचा चुरा घेऊन तपासतात, कारण दरवेळी ती बुरशीच असते असं नाही. आणि धीर धरा, अंगठ्याचं नवीन नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

आता तुम्ही म्हणाल, गणपती येतायत, इतकं सगळं झालं तरी जावंसं वाटतंच. ठीक आहे, पायांना कुणी निवांत चोळून दिलं की बरं वाटतं, मलाही वाटतं. जा. पण नेलकटर, फाइल, दगड घरचा न्या. पंपाच्या टबाऐवजी साधं घासलेलं घमेलं मागा. आदल्या एक-दोन दिवसांत वॅक्सिंग, शेव्हिंग नको. बसतानाच सांगा: क्युटिकल कापायचं नाही, ब्लेड लावायचं नाही, कोपरे उकरायचे नाहीत. भीड वाटत असेल तर डायबेटिस आहे म्हणून सांगा, लगेच हात आवरतात. आणि ज्यांना खरंच डायबेटिस आहे, पायात बधिरपणा आहे किंवा कुठे जखम आहे, त्यांनी जाऊच नये. ह्यावर मी कमेंटमध्ये वाद घालणार नाही.

नंतर बोट लाल, गरम, ठणकणारं झालं, पू दिसला, लाली पावलाकडे सरकायला लागली, ताप आला, तर हळद-चुना करत बसू नका. डायबेटिस असेल तर साध्या खरचटण्यालाही त्याच दिवशी डॉक्टर. आणि जाण्याआधी नेलपॉलिश पुसून जा. मावशीच्या त्या मरून रंगाखाली नख काळपट पडायला लागलेलं कुणाला दिसलंच नव्हतं.