रोजचं मीठ आणि उपासाचं मीठ

प्रतिक्रिया: "ताई, उपासाला सैंधव आणि रोज पाकिटातलं मीठ, हे पटलं नाही. सैंधवात सोडियम कमी असतं आणि आयोडीन तर शिजवताना उडूनच जातं. आमच्याकडे बारा महिने सैंधवच. सून गरोदर आहे, तिलाही तेच देतो."

काकू, आधी सुनेबद्दल लिहिते, कारण काळजी तिचीच वाटते. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी २५०च्या आसपास. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. समुद्राचे मासे खाणाऱ्यांना ते थोडंफार ताटातून मिळतं. इंदूरमधल्या आपल्यासारख्या शाकाहारी घरात दूधदह्यातून येईल तेवढंच, बाकी सगळी भिस्त मिठावर. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतंच. खडे मीठ समुद्राचं असूनही त्यातही नाममात्रच.

पाकिटातलं मीठ आपल्या हाती येतं तेव्हा त्यात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ धरलं तर ७५ झाले. शिजवताना काही उडतं हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटना ही घट पाचव्या भागाएवढी धरते. म्हणजे ६० तरी पोटात जातात, आणि ताज्या पाकिटातून याहून जास्त. मीठ आमटी उतरवताना घाला, बरणीचं झाकण घट्ट लावा आणि ती शेगडीपासून लांब ठेवा. सुनेची गरज एवढ्याने पूर्ण भागत नाही आणि त्यासाठी जास्त मीठ खाणंही बरं नाही. तिच्या गोळ्यांत आयोडीन आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

आता सोडियम. सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. फरक वाटतो तो भरडपणामुळे, कारण खड्यांच्या मधे पोकळी राहते. मी काट्यावर तोलून पाहिलं: बारीक मिठाचा सपाट चमचा ६ ग्रॅम भरला, भरड सैंधवाचा ५. मग खिचडी अळणी लागते, आपण वरून चिमूट टाकतो आणि सोडियम तेवढंच होतं. रक्तदाब असेल तर मीठ कोणतं यापेक्षा किती, हे बघा.

उपासाला मात्र मीही सैंधवच वापरते, ती आपली रीत आहे. नवरात्राचे नऊ दिवस आयोडीनचं मीठ नसलं तरी निरोगी माणसाला अडचण येत नाही, थायरॉइडमध्ये काही आठवड्यांचा साठा असतो. साबुदाण्याच्या खिचडीत पाणी नसल्यामुळे भरड सैंधव विरघळत नाही, एक घास अळणी आणि एक खारट लागतो. म्हणून ते मिक्सरमध्ये अगदी बारीक करून दाण्याच्या कुटात कालवायचं, तो कूट भिजलेल्या साबुदाण्याला चोळायचा आणि मगच सगळं फोडणीत घालायचं.