दोन दिवसांच्या फ्लोटमध्ये सहा दिवस बसत नाहीत

अंबडच्या आमच्या कारखान्यात मी प्लॅनिंग पाहतो आणि गेले तीन आठवडे एकच गोष्ट सांगून माझा घसा कोरडा पडला आहे: रिसोर्स स्मूदिंग आणि रिसोर्स लेव्हलिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

आमच्याकडे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचे, म्हणजे पीएलसीचे, प्रोग्रॅमिंग नीट येणाऱ्या एकच मॅडम आहेत. कन्व्हेयरच्या ऑर्डरमध्ये त्यांच्या नावावर दोन कामे एकाच दिवशी सुरू होतात. पीएलसीचा प्रोग्रॅम सहा दिवसांचा असून तो क्रिटिकल पाथवर आहे, म्हणजे तो लांबला की शेवटची तारीखही तितकीच लांबते. ऑपरेटरच्या स्क्रीनचे काम चार दिवसांचे आहे आणि त्याला दोन दिवसांचा फ्लोट आहे, म्हणजे ते दोन दिवस उशिरा झाले तरी शेवटची तारीख हलत नाही. सातव्या दिवशी टेस्टिंग सुरू व्हायचे, म्हणजे सहा दिवसांत एका माणसाकडून दहा दिवसांचे काम काढायचे!

साहेबांनी सॉफ्टवेअरमध्ये "Level only within available slack", म्हणजे कामे फक्त फ्लोटपुरती सरकवा, या पर्यायावर खूण केली आणि मीटिंगमध्ये "लेव्हलिंग झाले, तारीख जागेवर आहे" असे जाहीर केले. ते लेव्हलिंग नव्हते, स्मूदिंग होते. स्मूदिंगमध्ये काम फक्त त्याच्या फ्लोटपुरतेच पुढे सरकते, त्यामुळे शेवटची तारीख हलत नाही, पण त्याचमुळे सगळा बोजा उतरेल याची हमीही मिळत नाही. स्क्रीनच्या कामाला सहा दिवसांचा फ्लोट असता, तर मीच आनंदाने स्मूदिंग केले असते. इथे ते दोन दिवस सरकले आणि उरलेले चार दिवस दोन्ही कामे एकमेकांवर तशीच राहिली. मॅडमच्या नावापुढचे जादा बोजाचे लाल चिन्हही गेले नाही, आणि तरीही ते कोणाला दिसू नये याचा मला खरोखर संताप येतो.

खऱ्या लेव्हलिंगमध्ये माणसाची उपलब्धता आधी धरतात आणि तारीख त्यातून निघते. प्रोग्रॅम आधी संपवला, तर स्क्रीन दहाव्या दिवशी होते. क्रम उलटा केला, तर प्रोग्रॅम दहाव्या दिवशी होतो. आणि साहेबांच्या आवडीप्रमाणे अर्धा-अर्धा वेळ दिला, तर स्क्रीन आठव्या दिवशी संपली तरी क्रिटिकल प्रोग्रॅम दहाव्याच दिवशी हाती येतो, शिवाय रोज दोन कामांत उड्या मारण्यात वाया जाणारा वेळ वेगळाच. कसेही मांडले तरी टेस्टिंग चार दिवस पुढे जाते.

मी दोनच मार्ग सुचवले होते: स्क्रीनचे काम जमेल अशा दुसऱ्या इंजिनिअरला ते द्यावे, नाहीतर ग्राहकाला चार दिवस पुढची नवी तारीख आजच कळवावी. दोन्ही नाकारले गेले आणि "ॲडजस्ट करा" असे उत्तर मिळाले. त्या "ॲडजस्ट"चा अर्थ असा, की काल रात्री साडेनऊला मी निघालो तेव्हा सगळ्या शेडमध्ये फक्त मॅडमच्या टेबलावरचा दिवा चालू होता, आणि चार्टवर टेस्टिंगची तारीख अजूनही सातव्या दिवसाचीच होती.